ब-2 या श्रेणीच्या पोटात काय असतं?

1 मेला निकाल लागतो आणि प्रगतिपुस्तक घरी येतं. आई-वडील दिवसभर कामावर असतात आणि पुस्तकात रकाने पुष्कळ असतात. मग घरातलं कुणीतरी, मोठी बहीण, मावशी किंवा शेजारचे गुरुजी, ते वाचून सांगतात. सांगणं बहुतेक दोनच प्रकारचं होतं. एक, ‘छान आहे, वरच्या वर्गात गेला.’ दुसरं, ‘गणितात कच्चा आहे, क्लास लावा.’ पहिल्यातून काहीच कळत नाही आणि दुसऱ्यातून मुलाला शिक्का बसतो. खरं आणि शांतपणे सांगायचं तर आधी पुस्तक कसं भरलं जातं ते माहीत हवं.

महाराष्ट्रात 2010 पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तिच्यात गुणांचे दोन भाग असतात. वर्षभर वर्गात जे चालतं, म्हणजे तोंडी काम, स्वाध्याय, प्रकल्प, उपक्रम, छोट्या चाचण्या, ते आकारिक मूल्यमापन. सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा म्हणजे संकलित मूल्यमापन. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा 70 गुणांचा असतो आणि तो पुढे कमी होत जातो. पाचवी-सहावीला दोन्ही निम्मे-निम्मे, आणि सातवी-आठवीला आकारिक 40, संकलित 60. दोन्हींची बेरीज करून श्रेणी देतात. 91 च्या वर अ-1, 81 ते 90 अ-2, 71 ते 80 ब-1, 61 ते 70 ब-2, 51 ते 60 क-1, असं ते खाली उतरत जातं.

आता सहावीतल्या एका मुलाचं उदाहरण घेऊ. गणितात दोन्ही सत्रांना ब-2. घरचे म्हणतील, होता तिथेच आहे, काळजीचं कारण नाही. पण गुणांची फोड पाहू. सहावीला संकलितच्या 50 गुणांपैकी 10 तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे आणि 40 लेखी परीक्षेचे असतात. पहिल्या सत्रात त्याला आकारिकमध्ये 42, तोंडीत 8 आणि लेखीत 16 मिळाले, एकूण 66. दुसऱ्या सत्रात आकारिक 43, तोंडी 8, लेखी 11, एकूण 62. श्रेणी दोन्हीकडे एकच. लेखी पेपर मात्र 40 पैकी 16 वरून 11 वर आला आहे. वर्गातल्या कामाचे चांगले गुण त्याला सावरून धरत होते, म्हणून श्रेणी हलली नाही.

याच्या उलटही घडतं. एखाद्या मुलीला आधी 71 आणि नंतर 70 मिळाले तर ब-1 ची ब-2 होते आणि घरात चेहरे उतरतात. प्रत्यक्षात फरक एका गुणाचा असतो. म्हणून श्रेणी वर गेली की खाली आली, एवढ्यावरून काही ठरवू नये. पुस्तकात गुणांची फोड छापलेली नसेल तर वर्गशिक्षकांकडे ती असते आणि मागितली तर पाहायला मिळते.

गुणांनंतर शिक्षकांच्या नोंदी. त्यांचे साधारण तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, आणि सुधारणा आवश्यक. या मुलाच्या पहिल्या रकान्यात लिहिलं आहे, ‘गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो.’ तिसऱ्यात, ‘गणितातील शाब्दिक उदाहरणे समजून घेऊन सोडवावीत. अभ्यासात सातत्य हवे.’ या नोंदींना सारखं वजन देता येत नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या नोंदी थोड्या दिवसांत लिहायच्या असल्यानं शिक्षक तयार वाक्यांचाही आधार घेतात. ‘सातत्य हवे’ हे वर्गातल्या निम्म्या मुलांना लागू पडेल असं वाक्य आहे. त्यावरून मूल आळशी आहे असं सांगणं अन्याय ठरेल. ‘शाब्दिक उदाहरणे’ मात्र नेमकी नोंद आहे. विषय आणि अडचण दोन्ही तिच्यात आली आहेत आणि लेखी पेपरच्या गुणांशी ती जुळते. नोंदीत एखादी ठरावीक कृती, धडा किंवा प्रसंग दिसला की ती या मुलाला पाहून लिहिली आहे असं समजावं.

शेवटी हजेरीचा तक्ता बघायचा. तो फारसं कुणी वाचत नाही. या मुलाच्या डिसेंबरच्या रकान्यात कामाचे दिवस 24 आणि हजर दिवस 13 आहेत. तो तापानं आजारी होता हे घरच्यांना ठाऊक आहे. सहावीच्या दुसऱ्या सत्रात गुणोत्तर, शतमान, नफा-तोटा हे धडे एकापाठोपाठ येतात. गुणोत्तर सुटलं की शतमान अडतं आणि शतमान अडलं की शेकडा नफा काढता येत नाही. गुण त्यामुळेच घटले असतील, पण पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. तो आपला अंदाज आहे आणि सांगताना अंदाज म्हणूनच सांगायचा.

एवढं पाहून झालं की मावशीनं आई-वडिलांना असं सांगावं:

‘ताई, भाऊजी, मराठीत त्याचं छान चाललंय. गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो, असं बाईंनी मुद्दाम लिहिलंय. गणितात वर्गातलं काम आणि तोंडी चांगलं आहे. लेखी पेपर मात्र घसरलाय, 40 पैकी आधी 16 होते, आता 11 आलेत. शाब्दिक उदाहरणं अडतात, असं बाईंचं म्हणणं आहे. डिसेंबरात तो अकरा दिवस घरी होता, तेव्हाचे धडे राहिले असतील, पण ते बाईंना विचारायला हवं. सातवीत लेखी परीक्षेला वजन जास्त आहे, म्हणून हे सुट्टीतच बघूया.’

यात चांगलं आधी आलं, कारण ते खरं आहे. वाईट बातमी आकड्यासह आली, त्यामुळे ती मोठीही झाली नाही आणि लपलीही नाही. ‘कच्चा’, ‘ढ’, ‘हुशार’ असा शब्द कुठेच आला नाही. वर्गातल्या दुसऱ्या मुलाशी तुलनाही आली नाही, कारण प्रगतिपुस्तकात या मुलाचीच माहिती असते. सांगताना मूल समोर असेल तर फारच बरं. त्यालाच विचारावं, पेपरात कुठे अडलं?

अडचण नेमकी कुठे आहे ते घरीही तपासता येतं. त्याला विचारावं, ‘400 चे 25 टक्के किती?’ मग थोड्या वेळानं, ‘शाळेत 400 मुलं आहेत, त्यातली 25 टक्के चालत येतात, तर चालत येणारी किती?’ पहिलं जमलं आणि दुसरं अडलं तर हिशेब येतो, वाचून काय करायचं ते उमगत नाही. तेव्हा उदाहरण मोठ्यानं वाचून, काय दिलंय आणि काय विचारलंय, हे त्याच्या शब्दांत सांगायला लावावं. दोन्ही अडली तर शतमानच समजलेलं नाही. ते पुन्हा पहिल्यापासून शिकवायला हवं.

सहावीत मुलाला नापास करत नाहीत. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणं आवश्यक केलं आहे. मधल्या इयत्तांत मूल पुढे जातंच. म्हणून ‘वरच्या वर्गात गेला’ या वाक्यावर थांबू नका. वर्गशिक्षकांना भेटून दोनच प्रश्न विचारा: लेखी पेपरात कोणत्या प्रकारची उदाहरणं चुकली, आणि सुट्टीत नेमका कोणता धडा करून घेऊ?