गोळी आधी, ताट लगेच

आजी ७८ वर्षांच्या. मधुमेह जुना, रक्तदाबही आहे. मुलगा परगावी असतो, त्यामुळे घरी ब्युरोकडून आलेल्या दोन मावशी असतात. एक सकाळी आठ ते रात्री आठ, दुसरी रात्रभर. हॉस्पिटलातून सोडताना मिळालेल्या इंग्रजी कागदाचं मराठी करायला कुणीतरी बसतं आणि लिहितं: ‘ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ, दिवसातून एकदा, न्याहारीपूर्वी. रक्तशर्करा न्यूनतेची लक्षणे आढळल्यास त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा.’

यात चूक काहीच नाही. तरी एवढ्या कागदावर आजींना सोपवून जाऊ नये.

ही गोळी शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न असेल तर ते इन्सुलिन कामी येतं, नसेल तर रक्तातली साखर खाली ओढतं. म्हणून औषध, जेवण आणि धोक्याची लक्षणं हे तीन वेगळे रकाने करू नयेत. या गोळीपुरती ती एकच गोष्ट आहे. ‘न्याहारीपूर्वी’ वाचून मावशी सहा वाजता चहाच्या आधी गोळी देतात. आजींची पूजा आटोपून पोहे पुढ्यात येईपर्यंत साडेनऊ वाजतात. कागदावर वेळ लिहायची ती ताटाला बांधून: ‘साखरेची गोळी – १. नाश्ता तयार झाला, आजी खायला बसल्या, की द्या. गोळी दिली की लगेच खायला द्या. आजी खाणार नसतील, उलटी होत असेल किंवा उपास असेल तर गोळी देऊ नका, मला फोन करा.’ हे शेवटचं वाक्य इंग्रजी कागदात बहुधा नसतंच. ते डॉक्टरांना विचारून घालायचं, आपल्या मनाने नाही. आपल्याकडे एकादशी आणि चतुर्थी कॅलेंडरवर छापून येतात, तेव्हा हा प्रश्न महिन्यातून दोन-चारदा पडणारच.

गोळीला ‘साखरेची गोळी’ म्हणायला हरकत नाही, पण शेजारी पाकिटावरचं नाव आणि १ मिग्रॅ हा आकडाही हवा. औषधाच्या दुकानातून कधी दुसऱ्या कंपनीची गोळी येते, रंग बदलतो. ‘पिवळी गोळी’ एवढंच लिहिलं असेल तर त्या दिवशी गोंधळ ठरलेला.

दुसरी अडचण पाळी बदलताना येते. रात्रीच्या मावशी जाता जाता पावणेआठला गोळी आणि नाश्ता देऊन जातात. सकाळच्या मावशी कागदावर ‘सकाळी’ वाचून पुन्हा देतात. आजींना विचारलं तर त्या म्हणतात, ‘नाही गं, कुठे दिली?’ म्हणून गोळी कुणी द्यायची ते नावानिशी लिहावं, दिल्यावर कॅलेंडरवर खूण करायला सांगावं, आणि पुढे एक ओळ: ‘दिली की नाही कळत नसेल तर देऊ नका, फोन करा.’

आता लक्षणं. साखर उतरली की दरदरून घाम, हातांना कंप, धडधड, एकदम भूक. म्हाताऱ्या माणसात मात्र यातलं फारसं न दिसता नुसती चिडचिड, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसू शकतं, आणि घरच्यांना वाटतं, वयच झालंय. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे कंप आणि धडधड झाकलीही जाते. घाम बहुधा येतो. म्हणून कागदावर असं येतं: ‘घाम फुटला, हात थरथरले, किंवा आजी रोजच्यासारख्या बोलत नाहीत, तर बोटातून साखर तपासा. ७० पेक्षा कमी असेल, किंवा मशीन लगेच मिळत नसेल, तर अर्धा कप पाण्यात ३ चहाचे चमचे साखर घालून पाजा. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्या. बरं वाटलं की पोळी किंवा बिस्किटं द्या आणि मला फोन करा.’

साखर कुठल्या डब्यातली, तेही लिहावं. मधुमेही घरात टेबलावर शुगर-फ्रीची डबी असते आणि घाईत हात तिच्याकडेच जातो. तिचा इथे काहीच उपयोग नाही. लाडूही नको, तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. फोन आजी सावरल्या तरी करायचाच, कारण या गोळीचा असर दिवसभर टिकू शकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. मूत्रपिंडं कमजोर असतील तर जास्तच.

‘त्वरित वैद्यकीय सल्ला’ची जागा घेणारी ओळ मोठ्या अक्षरात, लाल पेनाने: ‘आजी शुद्धीवर नसतील किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा. १०८ला फोन करा, मग मला.’ बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतलं की ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला किंवा जीभ जड झाली तरी १०८च. लकव्यात वेळ फार थोडा असतो. आजी शेवटच्या नीट कधी होत्या ते घड्याळात बघून ठेवायला सांगावं, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

कागद झाला की मावशींना ‘कळलं ना?’ विचारू नये. उत्तर ‘हो’च येतं. ‘उद्या आजींनी पोहे खाल्लेच नाहीत तर काय कराल?’ असं विचारावं. त्या म्हणाल्या, ‘गोळी दूधासोबत देईन,’ तर कागदातली ती ओळ पुन्हा लिहायची.