परदेशी फी आणि टीसीएस: कापलेले पैसे कुठे जातात, कसे परत येतात

मुलीची फी भरायला बँकेत गेलेल्या पालकांना काउंटरवर कळतं की फीच्या रकमेखेरीज आणखी काही हजार रुपये ‘टीसीएस’ म्हणून खात्यातून जाणार आहेत. मग घरी हिशेब सुरू होतो: शिक्षणावर सरकारने कर लावला, शिकायला पाठवणं आणखी महाग झालं. या विषयावर माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी हीच समजूत असते. तिच्यापायी ते नको तिथे चिंता करतात आणि जिथे खरोखर लक्ष द्यायला हवं ती जागा निसटते.

गैरसमज: टीसीएस म्हणजे परदेशी शिक्षणावरचा कर

टीसीएस म्हणजे स्रोतावर गोळा केलेला कर. पगारातून टीडीएस कापला जातो, तो आपल्याच आयकरापोटी आगाऊ जमा होतो. हेही तसंच आहे. फरक इतकाच की टीडीएस पैसे हातात येताना कापतात आणि टीसीएस पैसे बाहेर जाताना घेतात. बँक ही रक्कम तुमच्या पॅनवर सरकारकडे भरते. वर्षअखेरीस तुमचा जो आयकर निघेल त्यातून ती वजा होते आणि उरली तर परतावा म्हणून मिळते. रिझर्व्ह बँकेच्या ‘उदारीकृत प्रेषण योजने’तून, म्हणजे एलआरएसमधून, बाहेर जाणाऱ्या पैशावर ही वसुली १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाली.

दुसरी गोष्ट, टीसीएस फीमधून वजा होत नाही. विद्यापीठाला पूर्ण रक्कम पोहोचते आणि टीसीएस खात्यातून वेगळा जातो. म्हणून खात्यात नेमकी फीएवढीच शिल्लक ठेवली तर व्यवहार अडकतो, आणि फीची शेवटची तारीख जवळ असेल तर तो अडकणं महागात पडतं.

त्याच पावतीवर आणखी दोन आकडे दिसतात, बँकेचं शुल्क आणि चलन बदलण्यावरचा जीएसटी. हे दोन्ही मात्र गेले ते गेले. टीसीएस परत मिळतो म्हणून पावतीवरचं सगळंच परत मिळेल, असं धरून चालू नका.

गैरसमज: पूर्ण रकमेवर पाच टक्के जातात

१ एप्रिल २०२५ पासून एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस लागत नाही. आधी ही मर्यादा ७ लाख होती. शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेचा १० लाखांच्या वरचा जो भाग असेल, फक्त त्यावर २०२५-२६ मध्ये ५ टक्के दर होता. २०२६ च्या अर्थसंकल्पाने तो १ एप्रिल २०२६ पासून २ टक्क्यांवर आणला. खालचं उदाहरण २०२५-२६ चं घेतो, कारण अनेक पालकांना त्याच वर्षाचं विवरणपत्र भरायचं आहे. रीत दोन्ही वर्षांत एकच, टक्केवारी तेवढी बदलते.

पुण्यातल्या एका नोकरदार वडिलांनी ब्रिटनमध्ये एमएस्सी करणाऱ्या मुलीसाठी स्वतःच्या बचतीतून पैसे पाठवले, असं समजू. ऑगस्टमध्ये फीचा पहिला हप्ता ९ लाख. मर्यादेच्या आत, टीसीएस शून्य. ऑक्टोबरमध्ये राहण्या-खाण्यासाठी ४ लाख. यातल्या पहिल्या १ लाखाने दहाची मर्यादा भरली, उरलेल्या ३ लाखांवर ५ टक्के म्हणजे १५,००० रुपये गेले. जानेवारीत दुसरा हप्ता ९ लाख, त्या पूर्ण रकमेवर ४५,०००. वर्षभरात २२ लाख गेले आणि टीसीएस झाला ६०,०००.

जानेवारीचा हप्ता त्यांनी दुसऱ्या बँकेतून पाठवला असता तर? अनेकांना वाटतं की प्रत्येक बँकेत नवे १० लाख मिळतात. तसं नाही. मर्यादा व्यक्तीची आहे आणि ती सगळ्या बँकांना व सगळ्या कारणांना मिळून एकच आहे. त्या वर्षी परदेशातल्या शेअरसाठी किंवा भेट म्हणून पाठवलेले पैसेही त्यातच मोजले जातात. दुसरी बँक आधीच्या रकमांबद्दल तुमच्याकडून लेखी घोषणा घेते, ती खरी द्यायलाच हवी.

कायद्याने खरोखर खुला असलेला मार्ग वेगळा आहे. आई आणि वडील या दोन स्वतंत्र व्यक्ती आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे. जानेवारीचे ९ लाख आईच्या खात्यातून, तिच्या पॅनवर गेले असते तर ४५,००० रुपये अडकलेच नसते. नवऱ्याने बायकोला दिलेल्या भेटीवर कर लागत नाही. फक्त पैसे आधी तिच्या खात्यात आलेले दिसले पाहिजेत आणि पाठवणारी म्हणून अर्जावर तिचं नाव व सही हवी.

गैरसमज: मुलीला पाठवलेले पैसे म्हणजे आपोआप ‘शिक्षण’

इथे सर्वाधिक रक्कम अडकते आणि याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. पैसे बाहेर पाठवताना भरायच्या ए-२ अर्जात एक उद्देश-संकेतांक, म्हणजे पर्पज कोड, द्यावा लागतो. परदेशात शिकायला गेलेल्या मुलांची फी, वसतिगृह वगैरे खर्चासाठी तो S0305 आहे. कुटुंबीयांच्या निर्वाहासाठी S1301 आहे. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात जात असली की कोड सहसा बरोबर पडतो. पण घरभाडं आणि जेवणाचे पैसे मुलीच्या तिथल्या खात्यात पाठवताना पालक बँकेच्या ॲपवर यादी उघडतात, ‘कौटुंबिक निर्वाह’ हे शब्द दिसतात, ते अगदी खरेच वाटतात आणि तोच पर्याय निवडला जातो.

निर्वाहाच्या पैशावर १० लाखांच्या वर २० टक्के टीसीएस आहे. वरच्या उदाहरणात ऑक्टोबरचे ४ लाख S1301 खाली गेले असते, तर त्यातल्या ३ लाखांवर १५,००० ऐवजी ६०,००० गेले असते. २०२६-२७ मध्ये ही तफावत आणखी रुंदावते, कारण शिक्षणाला २ टक्के आणि निर्वाहाला २० टक्केच.

शिक्षणात नेमकं काय येतं, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३० जून २०२३ च्या परिपत्रकात सांगितलं आहे: संस्थेची फी, शिकायला जाण्या-येण्याचं तिकीट आणि शिक्षणासाठी लागणारा रोजचा खर्च. म्हणजे राहण्या-खाण्याचे पैसेही शिक्षणाच्याच दराने जायला हवेत. जर्मनीला जाणाऱ्यांना व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच ठेवावी लागते. तीही याच प्रकारचा खर्च आहे. बँकेने शंका घेतली तर प्रवेशपत्र, फीचं मागणीपत्र किंवा विद्यापीठाने दिलेला राहणीखर्चाचा अंदाज दाखवा. ॲपवर शिक्षणाचा पर्याय दिसत नसेल तर शाखेत जाऊन अर्ज भरणं बरं. पैसे गेल्यानंतर कोड बदलून घेणं फार कटकटीचं होतं.

कोड चुकला म्हणून जादा गेलेले पैसे बुडत नाहीत. तेही तुमच्याच पॅनवर जमा असतात. पण परतावा येईपर्यंत ते हाताशी नसतात, आणि पुढच्या सत्राची फी त्यासाठी थांबत नाही.

गैरसमज: कर्ज काढलं की टीसीएस नाही

बँकेकडून किंवा केंद्र सरकारने ‘८०ई’ कलमासाठी अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जाच्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही, हे खरं. नातेवाइकांकडून किंवा ऑफिसातून घेतलेलं कर्ज यात बसत नाही. शिवाय बँक बहुधा पूर्ण खर्चाला कर्ज देत नाही, काही हिस्सा पालकांनी स्वतः घालायचा असतो. तो मार्जिनचा हिस्सा तुमचा स्वतःचा पैसा आहे आणि त्याला नेहमीचाच नियम लागतो. कर्जाची रक्कम आधी तुमच्या बचत खात्यात येऊन मग बाहेर जाणार असेल, तर कर्जमंजुरीचं पत्र अर्जासोबत द्या. ते नसेल तर बँक ती रक्कम बचतीतलीच धरते.

गैरसमज: परतावा मिळायला वर्ष दीड वर्ष थांबावंच लागतं

नोकरदारांना थांबावं लागत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदा बदलला आणि पगारातून टीडीएस कापताना कंपनीला टीसीएसही विचारात घेता येऊ लागला. त्यासाठी २०२५-२६ मध्ये कंपनीला फॉर्म १२बीएए द्यायचा होता.

आपल्या पुणेकर वडिलांचा वर्षाचा आयकर १,८०,००० आहे, दरमहा १५,००० कापले जातात. जानेवारीअखेर दहा महिन्यांचे १,५०,००० गेले. त्यांनी १२बीएएमध्ये ६०,००० टीसीएस दाखवला, तर आता भरायचे उरलेले ३०,००० त्यातून वळते होतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून काहीच कापलं जात नाही. उरलेले ३०,००० विवरणपत्र भरल्यावर परत येतात. हाच फॉर्म ऑक्टोबरमध्ये, पहिले १५,००० गेल्यावरच दिला असता तर त्याचा फायदा आणखी आधी मिळाला असता. व्यवसाय करणाऱ्यांना आगाऊ कराच्या हप्त्यातून टीसीएस वजा करता येतो.

आईला उत्पन्न नाही आणि पैसे तिच्या नावाने गेले, तर तिच्या पॅनवरचा टीसीएस वडिलांच्या विवरणपत्रात नेहमीप्रमाणे मागता येत नाही. तिलाच विवरणपत्र भरून परतावा घ्यावा लागतो. वर्षातला तिचा टीडीएस-टीसीएस मिळून २५,००० किंवा जास्त असेल तर, उत्पन्न करपात्र नसलं तरी, विवरणपत्र भरणं सक्तीचंच आहे. साठीपुढच्या निवासी ज्येष्ठांना ही रेषा ५०,००० आहे. सज्ञान मुलाच्या स्वतःच्या खात्यातून पैसे गेले, तर हेच त्याला लागू.

विवरणपत्र मात्र एप्रिल-मेमध्ये घाईने भरू नका. जानेवारी ते मार्चमध्ये घेतलेल्या टीसीएसचं तिमाही विवरण भरायला बँकेला १५ मेपर्यंत मुदत असते, त्यामुळे ती रक्कम फॉर्म २६एएसमध्ये त्यानंतरच दिसते. त्यानंतर बँक फॉर्म २७डी हे प्रमाणपत्र देते. दोन्हीकडची रक्कम आणि पॅन जुळवून पाहा, मगच विवरणपत्रातल्या टीसीएसच्या तक्त्यात आकडा टाका. जूनमध्येही २६एएसमध्ये रक्कम दिसत नसेल तर आयकर कार्यालयात जाऊन उपयोग नाही. ज्या शाखेतून पैसे गेले तिथे पावती आणि ए-२ ची प्रत घेऊन जा आणि त्यांच्या तिमाही विवरणात तुमचा पॅन बरोबर लिहिला आहे का, ते तपासून घ्या. चुकला असेल तर दुरुस्ती-विवरण बँकेलाच भरावं लागतं, आणि ते भरलं गेल्यावर काही दिवसांनी रक्कम तुमच्या नावावर दिसू लागते.