प्रेक्षक व्हिडिओ नेमका कुठे सोडतात? रिटेन्शनचा आलेख असा वाचा

नाशिक : द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीचा हंगाम आला की छाटणी, पेस्ट आणि फवारणीचे मराठी व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. व्ह्यूज किती मिळाले हे सगळ्यांना दिसते. पण त्यातल्या किती जणांनी महत्त्वाचा भाग पाहिला, हे फक्त चॅनेल चालवणाऱ्याला कळते. त्यासाठी यूट्यूब स्टुडिओमध्ये ‘ऑडियन्स रिटेन्शन’चा आलेख असतो.

आलेख काय सांगतो?

आडव्या रेषेवर व्हिडिओची वेळ असते आणि उभ्या रेषेवर त्या क्षणी पाहणाऱ्यांची टक्केवारी. व्हिडिओ उघडून त्याच्या ‘Analytics’ विभागात गेले की आलेख दिसतो. नवीन व्हिडिओची माहिती भरायला साधारण एक-दोन दिवस लागतात. पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के प्रेक्षक उरले, तो आकडा वेगळा दिलेला असतो.

रेषा हळूहळू उतरणे स्वाभाविक आहे. लक्ष द्यायचे ते तीन ठिकाणी: अचानक पडलेला खड्डा, अचानक आलेला उंचवटा आणि परत वर न येणारी घसरण.

एक उदाहरण

समजा, ‘छाटणीनंतर डोळ्यांना पेस्ट कशी लावावी’ हा आठ मिनिटांचा व्हिडिओ आहे आणि त्याला २,००० व्ह्यूज आहेत. (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.)

२ मिनिटे १० सेकंदांना रेषा ५० टक्क्यांवरून ३८ वर येते आणि ४० सेकंदांनी पुन्हा ४९ वर जाते. इथे प्रेक्षक निघून गेलेले नाहीत, त्यांनी तेवढा भाग बोटाने पुढे ढकलला आहे. व्हिडिओ लावून पाहिले तर तिथे बागेची ओळख आणि मालकाचे मनोगत सापडते. पुढच्या व्हिडिओत हा भाग दहा सेकंदांत आटोपता येतो.

४ मिनिटे २० सेकंदांना उंचवटा आहे. एका लिटर पाण्यात औषध किती घ्यायचे, हे तिथे सांगितले आहे. लोक मागे जाऊन तेच पुन्हा ऐकत आहेत. उंचवटा म्हणजे भाग आवडला, असा अर्थ लगेच काढू नये. प्रमाण पटकन बोलून पुढे गेल्यामुळेही तसे होते. पुढच्या वेळी तो आकडा ठळक अक्षरांत काही सेकंद पडद्यावर ठेवावा. मग उंचवटा कमी झाला, तर अडचण समजण्यातच होती असे मानता येते.

सगळ्यात महागात पडणारी जागा ६ मिनिटे ४० सेकंदांची. ‘तर शेतकरी मित्रांनो, अशा प्रकारे...’ हे शब्द येताच रेषा ३६ वरून २० टक्क्यांवर येते आणि तिथून वर जात नाही. व्हिडिओ संपला असे समजून लोक बाहेर पडले. पण उरलेल्या सव्वा मिनिटात खबरदारी सांगितली होती. या पेस्टमध्ये वापरले जाणारे हायड्रोजन सायनामाइड विषारी आहे. हातमोजे हवेत, शिवाय ते हाताळण्याच्या आगेमागे मद्य घेतल्यास गंभीर त्रास होऊ शकतो. २,००० पैकी २० टक्के म्हणजे सुमारे ४०० जणांपर्यंतच ही सूचना पोहोचली. प्रमाण मात्र कितीतरी अधिक लोकांनी ऐकले.

यावर शेवट लांबवण्यात अर्थ नाही. खबरदारी प्रमाणाच्या आधी, पेस्ट कालवण्यापूर्वी घ्यायला हवी. समारोपाचे वाक्य खरोखरच शेवटी, एकदाच यावे.

फसगत कुठे होते?

१०० व्ह्यूजच्या व्हिडिओत एक टक्का म्हणजे एकच माणूस. तिथल्या बारीक चढ-उतारांवरून निष्कर्ष काढू नये. तीन मिनिटांच्या आणि वीस मिनिटांच्या व्हिडिओंची तुलनाही करू नये. आपल्याच साधारण तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंशी ताडून पाहावे.

व्हिडिओ एकदम होमपेजवर पोहोचला, तर विषयाशी संबंध नसलेले प्रेक्षक येतात आणि टक्केवारी घसरते. तो दोष मांडणीचा नसतो. नवे आणि नेहमीचे प्रेक्षक यांचे आलेख वेगवेगळे पाहिले की हा फरक लक्षात येतो. नेहमीचे प्रेक्षकही त्याच सेकंदाला गळत असतील, तर मात्र तो भाग बदलायला हवा.

आलेख ‘कुठे’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याच्या आधीची दहा-पंधरा सेकंदे स्वतः पाहावीत आणि कारण एका ओळीत लिहून ठेवावे. पुढच्या व्हिडिओत एका वेळी एकच बदल करावा. सुरुवात, क्रम आणि शेवट एकदम बदलले, तर रेषा कशामुळे सुधारली हे कळणार नाही.