टेस्टिंग की डेव्हलपमेंट?

लातूरला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालेली माझी भाची सुटीत नांदेडला आली. माझा धाकटा भाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने त्यालाच विचारलं, "छोटे मामू, टेस्टिंग घेऊ की डेव्हलपमेंट?"

"शिष्यवृत्तीचा फॉर्म आहे. वय 18 ते 25 चालतं. कसा तपासशील?"

"20 टाकून बघेन."

"20 चालेलच, बेटा. चूक बहुधा काठावर असते. 17, 18, 25, 26 टाक. मग जागा रिकामी ठेव, अक्षरं टाक." त्याने कागदावर अट लिहिली:

```
age > 18 && age <= 25
```

"यात कोणाचा अर्ज अडकेल?"

ती थोडा वेळ बघत राहिली. "18 वर्षांच्या मुलीचा! `>` नको, `>=` हवं."

"अडलेली मुलगी शोधणं हे टेस्टिंग. ती ओळ लिहिणं, सुधारणं हे डेव्हलपमेंट. मजा कशात आली?"

"शोधण्यात."

"मग टेस्टिंगपासून सुरू कर. पण फॉर्म बदलला की या सहाही तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. हाताने किती वेळा करशील? सेलेनियमसारख्या साधनाकडून करून घ्यायच्या तर कोड लिहावाच लागतो. तो सुटला, तर पुढे डेव्हलपमेंटकडे वळणं अवघड जातं."

तिने कागद उचलला. "मामू, या सहा तपासण्या आज रात्री कोडमध्येच लिहिते."