'सर्वानुमते मंजूर' लिहिण्याआधी

खारघरला लागून असलेले ओवे २०१६ साली पनवेल महापालिकेच्या हद्दीत आले. या पट्ट्यात गावोगावी कबड्डी आणि क्रिकेटची मंडळे आहेत. त्यांतली जी नोंदणीकृत आहेत, त्यांना सहसा दोन कायदे लागू होतात: १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. वार्षिक सर्वसाधारण सभेचे प्रोसिडिंग बुक या दोन कायद्यांपुढे टिकावे लागते. बहुतेक वह्यांत मात्र प्रत्येक ठरावाखाली एकच ओळ सापडते: 'सर्वानुमते मंजूर'. मंडळांमधल्या निम्म्या भांडणांचे मूळ या ओळीत असते, असे माझे मत आहे.

ओव्यातल्या एका काल्पनिक मंडळाचा नमुना घेऊ. यादीवर ९६ सभासद. कबड्डीची मॅट घ्यायची की नाही, हा सभेपुढचा मुख्य विषय. चिटणिसाचे पहिले काम सभेच्या आधीच सुरू होते, कारण १८६० च्या कायद्याच्या कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणतीही होत नाही. खजिनदाराच्या वहीवरून असे ११ जण निघाले. उरले ८५. मंडळाच्या घटनेत गणपूर्ती एक तृतीयांश आहे असे धरले, तर ती २९ होते. हजेरीपत्रकावर सह्या ४१. हे आकडे इतिवृत्ताच्या पहिल्याच परिच्छेदात यायला हवेत; सभा सुरू झाल्याची वेळही. गणपूर्ती झाली नाही तर सभा किती वाजता तहकूब केली, पुन्हा केव्हा भरली आणि कोणत्या नियमाने, हेही लिहायचे.

आता ठराव. 'मॅटबाबत चर्चा होऊन योग्य तो निर्णय घेण्यात आला' या वाक्यातून दोन वर्षांनी कोणालाच काही कळणार नाही. ठराव असा लिहावा:

'ठराव क्र. ४: सरावासाठी कबड्डीची मॅट घ्यावी, खर्चाची कमाल मर्यादा रु. २,५०,०००, रक्कम मैदान निधीतून. सूचक, अनुमोदक (दोघांची पूर्ण नावे). मतदानाच्या वेळी उपस्थित ४०. बाजूने २४, विरोधात १३, तटस्थ ३. ठराव बहुमताने मंजूर.'

सह्या ४१ आणि मते ४० का? कारण एक सभासद मतदानाआधी निघून गेला. त्याची वेळ समासात टिपलेली असली, तर ही तफावत उद्या कोणाच्या हाती शस्त्र म्हणून लागत नाही. बाजूची, विरोधातली आणि तटस्थ मते मिळून उपस्थितांचा आकडा जुळतो का, हे अध्यक्षांनी निकाल जाहीर करण्यापूर्वीच तपासावे. जुळत नसेल तर हात पुन्हा मोजावेत. १३ जणांचा विरोध लपवून 'सर्वानुमते' लिहिले, तर तेच १३ जण वहीच खोटी आहे म्हणतात आणि मग खरे ठरावही संशयात सापडतात. एखाद्याने आपला विरोध नावानिशी नोंदवा म्हटले, तर तो नोंदवावा. भाषणे मात्र लिहीत बसू नये. निर्णयाला कारण ठरलेला मुद्दा एका वाक्यात पुरतो. इथे तो मुद्दा पावसाचा होता: जून ते सप्टेंबर मातीच्या मैदानावर सराव होत नाही.

दोन ठिकाणी विशेष सावध राहावे लागते. पहिले, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय'. विषयपत्रिकेत नसलेला मोठा खर्च किंवा निवडणूक इथे मंजूर केली, तर गैरहजर सभासद 'आम्हाला सूचनाच नव्हती' म्हणून आक्षेप घेतो आणि त्याचे म्हणणे रास्त असते. अशा विषयावर फक्त चर्चा झाल्याचे लिहून तो पुढच्या सभेपुढे ठेवावा. दुसरे, संस्थेचे उद्देश बदलणे. ते वार्षिक सभेत साध्या बहुमताने होत नाही. १८६० च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रस्ताव दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे पोचवावा लागतो, विशेष सभेत तीन पंचमांश मते लागतात, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तेवढ्याच प्रमाणात मंजुरी लागते.

नवी कार्यकारिणी निवडली गेली असेल, तर बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्यायचा असतो. त्याला इतिवृत्ताची प्रत, सभेची सूचना आणि ती सभासदांना मिळाल्याचा पुरावा जोडावा लागतो. म्हणून निवडून आलेल्यांची नावे, पदे, मुदत आणि मिळालेली मते त्याच दिवशी वहीत हवीत.

ठरावाखाली जबाबदारीची ओळ हवीच. 'कार्यवाही करावी' असे लिहिले की काम कोणाचेच राहत नाही. मॅटच्या ठरावाखाली असे लिहावे: 'तीन दरपत्रके मागवणे: खजिनदार, ३१ ऑगस्टपर्यंत. निवड: कार्यकारिणी, १५ सप्टेंबरपर्यंत.' पुढच्या सभेत 'मागील कामांचा आढावा' हा विषय घेऊन या ओळी वाचायच्या आणि प्रत्येकीसमोर झाले, राहिले किंवा रद्द, एवढेच नोंदवायचे.

मसुदा आठवडाभरात लिहून अध्यक्षांना दाखवावा, कारण महिन्याने कोणाचा हात वर होता हे आठवत नाही. वहीतली पाने क्रमांकित असावीत, मधे कोरी जागा नसावी. चूक आढळली तर व्हाइटनर न लावता ओळीवर एक रेघ मारून बाजूला दुरुस्ती आणि आद्याक्षरे. पुढील सभेत इतिवृत्त वाचून कायम केल्यावर कोणी हरकत घेतली, तर जुने पान तसेच ठेवून हरकत आणि तिच्यावरचा निर्णय नव्या सभेच्या इतिवृत्तात जातो.