केवल मूल्याचे संकलन: तुकडा कुठे पाडायचा?

|x − 1| या फलाचा आलेख इंग्रजी V अक्षरासारखा दिसतो आणि त्याचे टोक x = 1 येथे अक्षाला टेकते. टोकाच्या डावीकडे x − 1 ही राशी ऋण असते. केवल मूल्य तिचे चिन्ह उलटवते, म्हणून तिथे फलाचे सूत्र 1 − x होते. उजवीकडे ते x − 1 असेच राहते. सूत्र जिथे बदलते तो छेदबिंदू. संकलनाच्या नियमांना दर वेळी एकच सूत्र लागते, म्हणून काम या बिंदूपाशी तोडावे लागते.

0 ते 2 या सीमांमध्ये आलेखाखाली दोन काटकोन त्रिकोण दिसतात. प्रत्येकाचा पाया 1 आणि उंची 1, म्हणजे एकूण क्षेत्रफळ 1. 0 ते 1 आणि 1 ते 2 असे तुकडे पाडून संकलन केले, तर प्रत्येकी 1/2 येते आणि बेरीज जुळते.

चूक होते ती घाईत. डाव्या बाजूला x − x²/2, उजव्या बाजूला x²/2 − x असे संकलन लिहून थेट शेवटची किंमत वजा पहिली किंमत केली, तर 2 पाशी 0 आणि 0 पाशीही 0 मिळते. उत्तर शून्य! अक्षाच्या खाली कुठेही न जाणाऱ्या आलेखाचे क्षेत्रफळ शून्य कसे येईल? कारण असे, की x = 1 येथे पहिल्या सूत्राची किंमत 1/2 आहे आणि दुसऱ्याची −1/2. सांध्यावर 1 ची फट राहिली आणि नेमकी तेवढीच उत्तरातून गळाली. उजव्या सूत्रात स्थिरांक म्हणून 1 मिळवला की सांधा जुळतो आणि उत्तर 1 येते. तुकडे पाडून प्रत्येकाच्या सीमा वेगळ्या घेतल्या, तर या स्थिरांकाची काळजीच उरत नाही.

छेदबिंदू एकाहून अधिकही असू शकतात. एका सरळ रेषेत फिरणाऱ्या वस्तूचा वेग t सेकंदाला t² − 3t + 2 मीटर प्रतिसेकंद आहे असे समजा. 0 ते 3 सेकंदांत ती एकूण किती अंतर कापेल? अंतरासाठी वेगाचे केवल मूल्य हवे. या राशीचे अवयव (t − 1)(t − 2), म्हणून चिन्ह 1 आणि 2 येथे बदलते. मधल्या सेकंदात वस्तू मागे येते. चिन्ह तपासायला प्रत्येक तुकड्यातली एक किंमत पुरते: t = 1.5 ला वेग −0.25 आहे.

संकलन F(t) = t³/3 − 3t²/2 + 2t असे येते. 0, 1, 2, 3 या ठिकाणी त्याच्या किमती अनुक्रमे 0, 5/6, 2/3, 3/2. पहिल्या सेकंदात वस्तू 5/6 मीटर पुढे, दुसऱ्यात 1/6 मीटर मागे, तिसऱ्यात पुन्हा 5/6 मीटर पुढे जाते. एकूण अंतर 11/6 मीटर. तुकडे न पाडता F(3) − F(0) केले, तर 3/2 मिळते. ते विस्थापन आहे, अंतर नव्हे. दोन्हींतला फरक 1/3, म्हणजे मागे गेलेल्या अंतराची दुप्पट.