‘चुकलो’ म्हणणारा चेहरा

दार उघडावं तर सोफ्याची उशी फाडलेली, कापूस हॉलभर, आणि कुत्रा कोपऱ्यात कान पाडून, शेपूट पायांत घालून बसलेला. हाक मारली तर नजर चुकवतो. कुणी अजून एक शब्द बोललेलं नसतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘बघ, त्याला बरोबर कळतंय आपण काय केलंय ते!’

निरीक्षण खरं आहे. निष्कर्षाची गोष्ट वेगळी.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी या निष्कर्षाची परीक्षा घेतली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात चौदा पाळीव कुत्री होती. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, ‘खायचं नाही’ असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. पुढचं सगळं संशोधकाच्या हाती. कधी तो खाऊ कुत्र्याला खाऊ घालायचा, कधी गुपचूप उचलून घ्यायचा. परतणाऱ्या मालकाला सांगितलेली हकिगतही दर वेळी खरी नसायची. ‘खाल्लं’ असं कळलं तर मालकाने रागवायचं, ‘नाही खाल्लं’ कळलं तर लाड करायचे. त्यामुळे काही कुत्र्यांना काहीही न करता बोलणी बसली आणि काहींना खाऊ पोटात गेल्यावरही शाबासकी मिळाली.

सगळं चित्रित झालं. डोळे चुकवणं, पंजा उचलणं, शेपूट खाली पाडणं, उताणं पडणं, चाटणं, दूर सरकणं अशा खुणा मोजल्या. खाऊ खाल्लेल्या कुत्र्यांत त्या जास्त दिसल्या नाहीत. जास्त दिसल्या त्या मालक रागावल्यावर. आणि रागावण्याचा हा परिणाम सर्वांत ठळक दिसला तो आज्ञा पाळलेल्या कुत्र्यांत! ज्याने खाऊला तोंडही लावलं नव्हतं, तो बोलणी खाताना अधिक ‘अपराधी’ दिसत होता.

‘पण आमचा तर आम्ही रागवायच्या आधीच तोंड पाडतो,’ हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर एका जुन्या प्रकरणात सापडतं. पीटर व्होल्मर या अमेरिकी अभ्यासकाने १९७७ साली निकी नावाच्या कुत्रीची हकिगत लिहिली. मालक बाहेर गेला की ती कागद फाडायची आणि तो परतला की चेहरा पाडायची. व्होल्मर यांच्या सांगण्यावरून मालकाने स्वतःच कागद फाडून पसरले, निकीला तिथे सोडलं आणि बाहेर जाऊन पुन्हा आत आला. निकीने तोच चेहरा केला. जमिनीवर फाटके कागद आहेत आणि मालक दारात आहे, हे दोन्ही एकत्र आलं की आपल्यावर ओरडा बसतो, एवढं ती शिकली होती. कागद कुणी फाडले हा प्रश्न तिच्या हिशेबात नव्हताच.

तो चेहरा म्हणजे समोरच्याला शांत करण्याची धडपड असते. अंग आखडून लहान व्हायचं, नजर भिडवायची नाही, जिभेने ओठ चाटायचे: भांडण टाळण्यासाठी कुत्री एकमेकांसमोरही हेच करतात. आपला आवाज चढण्याआधी आपली चाल बदलते, खांदे ताठ होतात, श्वास बदलतो, आणि माणसाच्या हालचाली वाचण्यात कुत्रं फार तरबेज असतं. कुत्र्याला अपराधीपणा वाटतच नाही, असं यातून सिद्ध होत नाही. होरोविट्झ यांचाही तसा दावा नाही. एवढंच कळतं, की चेहरा पाहून गुन्हा ओळखता येत नाही.

हा गैरसमज निरुपद्रवी असता तर सोडून देता आला असता. पण ‘त्याला कळतंय’ असं मानलं, की उशिराची शिक्षाही योग्य वाटू लागते. दोन तासांपूर्वी फाडलेल्या उशीशी आत्ताचा ओरडा कुत्रं जोडू शकत नाही. ते जोडतं तो घरी येणाऱ्या माणसाशी. त्याचे नाक मुताच्या डागावर नेऊन दाबणं तर निव्वळ क्रूरपणा. त्यातून ते फार तर माणसासमोर न मुतायला शिकतं आणि पलंगामागची जागा शोधतं.

अशा वेळी मुकाट्याने पसारा आवरावा आणि पुढच्या वेळी बाहेर जाताना मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून जावा. आपण गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच कुत्रं येरझाऱ्या घालत, रडत, लाळ गाळत दार ओरबाडू लागलं, तर ती एकटेपणाची भीती असू शकते. पशुवैद्याला ते चित्रण दाखवावं. शिकलेलं कुत्रं अचानक घरात मुतू लागलं तर आधी मूत्रमार्गाचा संसर्ग तपासावा. आणि बराच वेळ झोपून उठून, आळस देऊन, अगदी निवांतपणे ते उशी फाडताना दिसलं, तर त्याला कंटाळा आलाय. सकाळी जास्त फिरवून आणावं आणि चावायला काहीतरी देऊन जावं.